कॉकटेल पार्टीचं आमंत्रण आणि कपाटात फक्त कुर्ते-साड्या

व्हॉट्सॲपवर आमंत्रण येतं. नवऱ्याच्या कंपनीचा वर्धापनदिन असतो, नाहीतर भाचीच्या लग्नाच्या आदल्या रात्रीचा कार्यक्रम. हॉटेलचं नाव, वेळ संध्याकाळी साडेसात आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरांत एक ओळ : ड्रेस कोड, कॉकटेल. तुम्ही कपाट उघडता. एका बाजूला साड्या, दुसऱ्या बाजूला कुर्ते, खालच्या कप्प्यात लेगिंग्ज आणि ओढण्या. आजवर कधी जीन्ससुद्धा घातली नाही, आता कॉकटेल ड्रेस कुठून आणायचा?

बहुतेक जणी अशा वेळी शॉपिंग ॲप उघडतात. मॉडेलच्या अंगावर एखादा चमचमता ड्रेस दिसतो, तो आवडतो आणि ऑर्डर होते. चार दिवसांनी पार्सल येतं. ड्रेस खांद्यावरून ओघळतो, पोटावर ताणला जातो आणि खुर्चीत बसलं की मांडीवर सरकतो. मग आरशासमोर उभं राहून निकाल दिला जातो, ‘मला नाही बाई वेस्टर्न शोभत!’

खरं तर यात शोभण्या-न शोभण्याचा प्रश्न फारसा नसतोच. प्रश्न कपडा अंगावर बसण्याचा असतो. आणि तुम्हाला काय बसतं याचं उत्तर तुमच्याच कपाटात, तुमच्या सगळ्यात आवडत्या कुर्त्यात आहे. कसं, ते पुढे सांगते. आधी ती ड्रेस कोडची ओळ नीट समजून घेऊ.

कॉकटेल म्हणजे नेमकं काय?

‘कॉकटेल’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तोकडा, बिनबाह्यांचा, अंगाला चिकटलेला ड्रेस येतो. सिनेमांनी ती सवय लावली आहे. मूळ कल्पना मात्र बरीच साधी आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेत आणि युरोपात संध्याकाळी, रात्रीच्या जेवणाआधी पेयपानासाठी जमण्याची पद्धत रुळली. या वेळेसाठी बायकांना दिवसाच्या कपड्यांपेक्षा जरा खास, पण जमिनीवर लोळणाऱ्या गाऊनपेक्षा सुटसुटीत असं काहीतरी हवं होतं. कॉकटेल पोशाख म्हणजे हा मधला टप्पा. १९२६ मध्ये ‘व्होग’ मासिकाने कोको शनेलच्या एका साध्या काळ्या ड्रेसचं रेखाचित्र छापलं, ते पुढे फार गाजलं. त्या ड्रेसला चक्क लांब बाह्या होत्या. तेव्हा बाह्या असलेला ड्रेस कॉकटेल पार्टीत चालत नाही, असं कोणी सांगितलं तर खुशाल हसा.

आजही अर्थ तोच आहे. ऑफिसला घालू त्यापेक्षा सजलेलं, लग्नात घालू त्यापेक्षा हलकं. लांबी साधारण गुडघ्यापासून पोटरीच्या खालपर्यंत कुठेही चालते. त्यामुळे अंग दाखवण्याची सक्ती यात कुठेच नाही. आमंत्रणावर ‘ब्लॅक टाय’ लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे पूर्ण लांबीचा गाऊन किंवा भारी साडीच हवी.

ड्रेस कोडइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे जागा. कार्यक्रम हॉटेलच्या हॉलमध्ये असेल तर एसी कडक असणार. हिरवळीवर असेल तर टोकदार टाचा मातीत रुतणार. गच्चीवर असेल तर वारा असणार आणि घेरदार, हलका ड्रेस सांभाळता सांभाळता संध्याकाळ जाणार. आमंत्रण देणाऱ्याला फोन करून एवढं एक विचारून घ्या. त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

साडी तुमचं ऐकते, ड्रेस ऐकत नाही

आता मुख्य मुद्दा. आपले पारंपरिक कपडे अंगाशी जुळवून घेणारे आहेत. वजन पाच किलोंनी वाढलं तरी साडी तीच राहते, दोन निऱ्या कमी पडतात इतकंच. सलवारला नाडी असते. ब्लाउज शिवताना टेलर आत माया सोडतो, पुढच्या वर्षी ती उसवून वाढवून घेता येते. कुर्त्याला दोन्ही बाजूंना कट असतो, त्यामुळे कंबरेखाली तो कितीही मोकळा होऊ शकतो. आणि काही कमीजास्त झालंच तर वरून ओढणी असते.

वेस्टर्न ड्रेस आधीच एका ठरावीक अंगासाठी कापलेला असतो. त्याचा खांदा कुठे संपायचा, छाती कुठे भरायची, कंबर कुठे यायची हे कारखान्यात ठरून गेलेलं असतं. रेडीमेड ड्रेसमध्ये आत माया फारच थोडी असते, कधी कधी नसतेच. म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा : मोठा ड्रेस आत घेता येतो, छोटा ड्रेस बाहेर काढता येत नाही. आणि खांदा चुकला असेल तर दोन्ही कठीण, कारण तो दुरुस्त करायचा म्हणजे बाही उसवून पुन्हा बसवायची. ती मेहनत शिवलेल्या ड्रेसवर क्वचितच नीट जमते.

म्हणजे ड्रेस निवडताना आधी खांदा, मग छाती, मग कंबर, या क्रमाने बघायचं. आपण नेमकं उलटं करतो. आधी रंग, मग चमक, मग किंमत.

आता तो कुर्ता बाहेर काढा. असा एखादा असतोच, जो घातला की कोणीतरी विचारतं, ‘बारीक झालीस का गं?’ तो कुर्ता पलंगावर सपाट पसरा आणि टेप घ्या. एका खांद्याच्या शिवणीपासून दुसऱ्या खांद्याच्या शिवणीपर्यंत माप घ्या. काखेखाली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजून दुप्पट करा, ही झाली छाती. तसंच कंबरेचं. मग खांद्यापासून खाली लांबी आणि बाहीची लांबी. ही पाच मापं मोबाइलमध्ये लिहून ठेवा. हे तुमच्या अंगाचं माप नव्हे, तुम्हाला सुखाने बसणाऱ्या कपड्याचं माप आहे, आणि खरेदी करताना तेच जास्त कामाचं. बऱ्याच ॲपवर साइजच्या तक्त्यात अंगाची आणि कपड्याची अशी दोन्ही मापं दिलेली असतात. आपण घाईत पहिला तक्ता बघतो आणि गफलत होते. कपड्याचं माप असलेला तक्ता शोधा आणि तो कुर्त्याशी ताडून बघा. ‘एल’ आणि ‘एक्सएल’ या अक्षरांवर विसंबू नका, प्रत्येक ब्रँडचा ‘एल’ वेगळा असतो.

कुर्ता आणखी बरंच काही सांगतो. त्याचा गळा गोल आहे, व्ही आहे की बोट? बाही तीन चतुर्थांश आहे का? कंबरेला थोडा आत जाऊन खाली पसरतो की सरळ पडतो? जे तुम्हाला कुर्त्यात शोभतं तेच ड्रेसमध्येही शोभतं, कारण अंग तेच आहे. पहिल्यांदाच वेस्टर्न घालताना गळा, बाही आणि आकार ओळखीचा ठेवा. कापड, लांबी आणि साज तेवढा बदला. एकाच संध्याकाळी सगळंच नवं असलं की माणूस पार्टीत कमी आणि आपल्या ड्रेसमध्ये जास्त असतो.

मग तोच कुर्ता लेगिंग्जशिवाय घातला तर? नाही, तसं करू नका. बाजूचे कट मांडीपर्यंत उघडतात, आणि कट शिवून घेतले तर घेर इतका कमी होतो की पायरी चढताना अडकायला होतं. कुर्ता हा नकाशा आहे, पोशाख नाही.

मावशीचा हिरवा ड्रेस

माझी मावशी इंदूरला राहते. वय ४६, शाळेत शिकवते, रोज साडी किंवा कुर्ता. काकांच्या कंपनीचा कार्यक्रम हैदराबादच्या एका हॉटेलात होता आणि आमंत्रणावर तीच ओळ होती. तिने मला फोन केला, तेव्हा हातात तीन आठवडे होते. तिची अट एकच होती, ‘गुडघे दिसता कामा नयेत, बसल्यावरसुद्धा.’

तिची उंची ५ फूट २ इंच. अंगाचं माप छाती ३८, कंबर ३४, नितंब ४२. तक्त्यात छातीप्रमाणे तिची साइज ‘एल’ येत होती आणि नितंबाप्रमाणे ‘एक्सएल’. असं पुष्कळ जणींचं होतं, आणि इथे ड्रेसचा आकार निर्णय देतो. ड्रेस वरपासून खालपर्यंत सरळ, अंगासरशी असेल तर नितंबाचं मापच धरावं लागतं आणि मग खांदे मोठे पडतात. कंबरेपासून खाली घेर असलेला ड्रेस असेल तर नितंबाचा प्रश्न घेरातच सुटतो, फक्त छाती आणि खांदा बघायचा. मावशीचा लाडका कुर्ताही तसाच, कंबरेपासून पसरणारा होता. म्हणून सरळ ड्रेस यादीतून गेले.

कुर्त्याचं माप खांदा साडेचौदा, छाती ४१, कंबर ३८, लांबी ४२. तिला गडद बाटली-हिरव्या रंगाचा, व्ही गळ्याचा, तीन चतुर्थांश बाह्यांचा क्रेपचा ड्रेस आवडला. तक्त्यात त्याच्या ‘एल’चा खांदा साडेचौदा, छाती ४०, कंबर ३६, तर ‘एक्सएल’चा खांदा साडेपंधरा, छाती ४२, कंबर ३८. तिने दोन्ही मागवले, एक परत करायचा असं ठरवूनच. ‘एक्सएल’ सैल आणि सुखाचा वाटत होता, कुर्त्यासारखा. पण त्याच्या बाह्यांची शिवण दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच खाली उतरत होती आणि त्यामुळे सगळा ड्रेस मोठ्या बहिणीचा वाटत होता. ‘एल’चा खांदा नेमका बसला. छातीला आणि कंबरेला अंगापेक्षा दोन दोन इंच मोकळे होते, हात वर करता येत होते. ‘एल’ ठेवला. मावशीला तो पहिल्यांदा घट्टच वाटला. कुर्त्याची सवय असलेल्या प्रत्येकीला नीट बसलेला ड्रेस आधी घट्ट वाटतो. खरोखर घट्ट आहे का, याची खूण वेगळी आहे : छातीवर किंवा पोटावर आडव्या सुरकुत्या ओढल्या जात असतील किंवा पाठीवरची चेन वळसा घेत असेल तर तो घट्ट. कापड सरळ खाली पडत असेल तर तो बरोबर.

मग लांबी. तिचा गुडघा खांद्यापासून मोजला तर साधारण ३७ इंचांवर येतो. ड्रेसची लांबी ४८ होती. ४०वर कापला असता तर गुडघ्याच्या जरा खाली आला असता, उभं राहून छान दिसला असता, पण बसल्यावर ड्रेस दोन-तीन इंच वर जातो, म्हणजे गुडघे बाहेर. ४२वर, कुर्त्याच्याच लांबीवर ठेवला तर कड नेमकी पोटरीच्या सगळ्यात जाड भागावर येत होती आणि उंची आणखी कमी दिसत होती. ड्रेसची कड नेहमी पायाच्या बारीक भागावर संपावी, गुडघ्याच्या लगेच खाली नाहीतर पोटरी संपून घोट्याकडे उतरते तिथे. मावशीसाठी ती जागा ४६ इंचांवर होती. तिच्या नेहमीच्या टेलरने दोन इंच आत दुमडून हातशिलाई घातली. कापलं नाही, कारण हा ड्रेस पुढे तिच्या उंच लेकीकडे जाणार हे उघडच होतं.

दोन अडचणी राहिल्या. व्ही गळा उभं राहून ठीक, पण नमस्काराला वाकलं की उघडत होता. तिथे आतून एक टिचबटण लावलं, दिसत नाही आणि गळा जागेवर राहतो. दुसरी अडचण पाठीवरच्या चेनची. ब्लाउजचे हुक पुढे असतात, चुडीदारचा कुर्ता डोक्यावरून जातो, त्यामुळे पाठीवरची लांब चेन एकटीने लावायची सवयच नसते. चेनच्या टोकाला मजबूत दोरा ओवला, तो खांद्यावरून वर ओढला की चेन वर येते, मग दोरा काढून टाकायचा. हॉटेलच्या खोलीत काका वेळेवर येतीलच याची खात्री नव्हती.

कापड कुठलं?

मावशीने क्रेप घेतलं ते योगायोगाने नाही. पहिल्या ड्रेससाठी अस्तर असलेलं, थोडं जड पडणारं क्रेप सगळ्यात क्षमाशील. ते अंगाला चिकटत नाही, सुरकुतत नाही आणि आतल्या कपड्यांच्या रेषा दाखवत नाही. सॅटिन फोटोत फार सुंदर दिसतं, पण आतली प्रत्येक शिवण, पोटाची प्रत्येक घडी आणि काखेतला घाम ते जाहीर करतं. ते दुसऱ्या-तिसऱ्या पार्टीसाठी ठेवा. मखमल थंडीतच बरी. टिकल्यांचा ड्रेस घ्यायचाच असेल तर बाहीच्या आणि काखेच्या आत हात फिरवून बघा. तिथे अस्तर नसेल तर तासाभरात कातडी सोलून निघते.

दुकानात किंवा घरी कापडाची परीक्षा दोन मिनिटांची आहे. कोपरा मुठीत धरून दहा आकडे मोजा आणि सोडा. चुरगळा तसाच राहिला तर गाडीतून उतरताना तुमचा ड्रेसही तसाच दिसणार. मग खोलीत अंधार करा आणि कोणाला तरी मोबाइलचा फ्लॅश लावून पूर्ण उंचीचा फोटो काढायला सांगा. ट्यूबलाइटखाली ठीक दिसणारं पातळ कापड फ्लॅशमध्ये आरपार दिसू शकतं, आणि पार्टीत फ्लॅश असणारच.

आतल्या कपड्यांबद्दल आपण बोलायला लाजतो, पण निम्मे ड्रेस तिथेच फसतात. साडीच्या ब्लाउजखाली चालणारी शिवणींची सुती ब्रा क्रेपवरसुद्धा उमटते. शिवण नसलेली, स्वतःच्या त्वचेच्या रंगाची ब्रा घ्या. फिक्या ड्रेसखाली पांढरी नको, पांढरी उठून दिसते. खाली परकर नसल्याची चुकचुक वाटत असेल तर ड्रेसच्या लांबीपेक्षा दोन इंच आखूड अशी स्लिप मिळते, ती घाला. पोट दाबणारी शेपवेअर पहिल्यांदाच घालणार असाल तर घरी दोन तास घालून, जेवून बघा. श्वास जड होत असेल तर ती कपाटातच बरी.

ओढणी नाही, आता हातांचं काय करू?

हा प्रश्न मला मावशीनेच विचारला आणि मला तो फार खरा वाटला. पदर सावरणं, ओढणी नीट करणं यात आपले हात आयुष्यभर गुंतलेले असतात. ते काढून घेतलं की छातीवर हाताची घडी घातली जाते आणि फोटोत माणूस रागावल्यासारखा दिसतो.

यावर ओढणीच पिन करून घेणं हा उपाय नाही, तसं केलं की ड्रेस पुन्हा अर्धवट कुर्ता होतो. त्याऐवजी खांद्यावरून सुटा पडणारा केप किंवा कोपरापर्यंतचा श्रग घ्या. ड्रेसपेक्षा पातळ कापडाचा आणि त्याच रंगातला. कडक एसीतही त्याचा उपयोग होतो. हातात छोटी पर्स घेण्याऐवजी बारीक साखळीची, खांद्याला अडकणारी घ्या. एका हातात ग्लास असतो, मग तो सरबताचा असो, आणि दुसरा हात मिळवायला मोकळा लागतो. जेवताना तर पर्स ठेवायला जागाच नसते.

दागिन्यांत एकच नियम पुरे : गळा किंवा कान, दोन्हींपैकी एक बोलू द्या. मंगळसूत्राचा प्रश्न बहुतेकींना असतो. लांब, दोन वाट्यांचं मंगळसूत्र ड्रेसच्या गळ्यात आत-बाहेर होत राहतं. छोटं, काळ्या मण्यांचं असेल तर व्ही गळ्यात ते उत्तम दिसतं, मात्र मग दुसरा हार नको. लांबच घालायचं असेल तर बंद, बोट गळ्याचा ड्रेस घ्या आणि ते वरून उघडपणे घाला. टिकली लावायची की नाही हे कोणाला विचारू नका. गडद ड्रेसवर बारीक टिकली छान दिसते, आणि तुम्हाला स्वतःचा चेहरा टिकलीशिवाय अनोळखी वाटत असेल तर लावाच. पैंजण मात्र काढून ठेवा, लांब ड्रेसच्या अस्तरात अडकून धागे ओढले जातात.

चपलेबद्दल मी जरा कडक आहे. टाचांची सवय नसेल तर दोन इंचांच्या, रुंद टाचेच्या वर जाऊच नका. आणि चप्पल ड्रेसची लांबी ठरवण्याआधी घ्या, कारण टेलरकडे ती घालूनच उभं राहायचं आहे. घरी रोज अर्धा तास, तीन-चार दिवस घालून वावरा. पहिल्याच दिवशी चावणारी चप्पल पार्टीच्या रात्री सुधारत नाही.

आणि ड्रेस नकोच असेल तर?

तर साडी नेसा. यात हार मानण्यासारखं काही नाही, भारतात कॉकटेल पार्टीला साडी पूर्णपणे नियमात बसते. फक्त ती संध्याकाळची साडी हवी. रुंद जरीकाठाची पैठणी किंवा कांजीवरम लग्नाच्या मांडवात जितकी खुलते तितकीच इथे जड वाटते. एकरंगी जॉर्जेट, शिफॉन किंवा सॅटिनची साडी, काठ नसलेली किंवा बोटभर काठाची, आणि ब्लाउज थोडा वेगळा. बंद गळा आणि पूर्ण बाह्या, किंवा मागे खोल गळा. पदराच्या निऱ्या बारीक करून खांद्यावर घट्ट पिन करा आणि परकराऐवजी अंगाला बसणारा साडी-शेपर घाला, एवढ्यावर तीच साडी वेगळी दिसते. तरुण ताहिलियानी यांच्यासारख्या डिझायनरांनी लोकप्रिय केलेल्या, आधीच निऱ्या शिवलेल्या साड्या आता साध्या दुकानांतही मिळतात. चेन लावली की झालं.

मधला मार्गही आहे. रुंद पायांची, पॅलाझोसारखी पडणारी क्रेपची पँट, वर सॅटिनचा टॉप आणि लांब केप. पाय पूर्ण झाकलेले, चाल सलवारसारखी मोकळी, आणि दिसायला पूर्ण कॉकटेल. जंपसूट याच जातीचा, पण एक इशारा : बाथरूममध्ये तो पूर्ण उतरवावा लागतो. घेण्याआधी बाही आणि चेन एकटीने काढता-घालता येतात का ते बघा.

जुन्या साडीचा ड्रेस शिवून घेण्याची कल्पना बऱ्याच जणींना सुचते. साडी साडेपाच मीटरची असते, त्यात घेरदार ड्रेस आरामात निघतो. एकरंगी जॉर्जेट असेल तर जरूर करा, अस्तर मात्र चांगलं घाला. जरीची साडी कापू नका. जरीच्या जागी कापड ताठ राहतं, घेर नीट पडत नाही, आणि आईला कळलं की वेगळंच प्रकरण होतं.

घरातल्या पुरुषांचं काम सोपं आहे. नेहमी कुर्ता-पायजमा घालणाऱ्यांनी सूटच्या मागे धावण्याची गरज नाही. गडद निळा किंवा काळा बंदगळा, खाली त्याच रंगाची पँट आणि चामड्याचे बूट. खांद्याचा नियम त्यांनाही लागू, शिवण खांद्याच्या हाडावरच संपली पाहिजे.

एक रंगीत तालीम

पार्टीच्या चार-पाच दिवस आधी, टॅग आतच ठेवून, सगळं घालून घरात पाऊण तास काढा. आतले कपडे, चप्पल, दागिने, पर्स, सगळं. परत करण्याची मुदत संपायच्या आत ही तालीम व्हायला हवी, आणि त्या वेळी अत्तर-पावडर काही लावू नका.

खुर्चीत बसा, पाय एकावर एक टाका आणि समोर आरसा ठेवून बघा. जिना चढा, उतरा. उतरताना कड टाचेत अडकते का? वरच्या फळीवरचा डबा काढा, म्हणजे काखेत किती ताण येतो ते कळेल. खाली पडलेला चमचा उचला, म्हणजे गळ्याचं कळेल. गाडीत बसून बघा. आपल्याला साडीत आधी पाय आत टाकायची सवय असते, ड्रेसमध्ये आधी पाठमोरं बसायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. पाऊण तासात ड्रेसला तुमचा हात किती वेळा गेला ते कोणाला तरी मोजायला सांगा. दोन-तीनदा गेला तर ठीक. सारखा एकाच जागी जात असेल, खांदा वर ओढायला किंवा कड खाली ओढायला, तर त्या जागेचं काम बाकी आहे. टेलरकडे जाऊन नेमकी तीच जागा दाखवा.

पार्टीच्या दिवशी पर्समध्ये दोन सेफ्टी पिना, एक बँडेज पट्टी आणि ड्रेसच्या रंगाचा दोरा ओवलेली सुई ठेवा. दोन्ही बाजूंनी चिकटणारी कापडी टेप मिळाली तर गळ्यासाठी तीही. गाडीत नेहमीच्या सपाट चपला राहू द्या. मावशीने त्या साडेदहालाच मागवल्या, कारण डीजेने ‘झिंगाट’ लावलं होतं.